240 पानांच्या प्रबंधातून तीन मिनिटांचे भाषण कसे लिहावे

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात 2008 साली तीव्र दुष्काळ होता. पाणी वाचवण्यासाठी लोकांना आंघोळ वेळ लावून करण्यास सांगितले जात होते आणि अनेकांच्या न्हाणीघराच्या भिंतीवर तीन मिनिटांचे छोटे घड्याळ लावलेले असे. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाचे तेव्हाचे अधिष्ठाता ॲलन लॉसन यांना त्या घड्याळावरून सुचले की, संशोधक विद्यार्थ्याने आपला प्रबंध तेवढ्याच वेळात सांगून दाखवावा. ‘थ्री मिनिट थीसिस’ ही स्पर्धा अशी सुरू झाली आणि आता ती अनेक देशांतील विद्यापीठांत घेतली जाते. तिचे नियम थोडके आहेत. पडद्यावर एकच स्थिर स्लाइड दाखवता येते, तिच्यात हालचाल चालत नाही, हातात कोणतीही वस्तू घेता येत नाही, ध्वनी किंवा चित्रफीत लावता येत नाही आणि तीन मिनिटांपेक्षा एक सेकंद जरी जास्त झाला तरी स्पर्धक बाद होतो. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध पूर्ण वाचून दाखवायचा तर नऊ तास लागतील, असा हिशेब या स्पर्धेचे आयोजक नेहमी सांगतात.

सांगलीतील एका महाविद्यालयात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना अशा भाषणाची संहिता लिहिण्यासाठी मी गेली काही वर्षे मदत करते. स्पर्धेत उतरायचे नसले तरी मौखिक परीक्षेच्या सुरुवातीला, नोकरीच्या मुलाखतीत किंवा ज्या गावात माहिती गोळा केली त्या गावच्या ग्रामसभेत, ‘तुमच्या अभ्यासातून काय निघाले ते थोडक्यात सांगा’ हा प्रश्न येतोच. ज्यांचा प्रबंध लिहून झाला आहे, पण ज्यांनी असे भाषण पूर्वी कधी लिहिलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सर्व पायऱ्या एकाच उदाहरणावर करून दाखवते. हे उदाहरण आणि त्यातील आकडे मी केवळ समजावण्यासाठी रचले आहेत, तो कोणाचा प्रत्यक्ष प्रबंध नाही. मात्र त्यातील प्रश्न कृष्णा आणि वारणाकाठच्या माणसाला नवा नाही. शीर्षक असे समजू: ‘वाळवा तालुक्यातील क्षारपड जमिनींमधील सच्छिद्र पाइप भूमिगत निचरा प्रणालीच्या परिणामकारकतेवर प्रभाव टाकणाऱ्या भौतिक व सामाजिक घटकांचा चिकित्सक अभ्यास.’ सोप्या शब्दांत, मीठ फुटून पीक येईनासे झालेल्या जमिनीत छिद्रांचे पाइप पुरून जादा पाणी बाहेर काढतात, तो उपाय कुठे लागू पडतो आणि कुठे नाही याचा हा अभ्यास. सहा प्रकरणे, 240 पाने, 48 शेतांची पाहणी.

पहिली पायरी: प्रबंध मिटून ठेवा आणि एक वाक्य लिहा

बहुतेक विद्यार्थी प्रबंधाचा सारांश उघडतात आणि तो कापायला लागतात. येथेच पहिली चूक होते, कारण सारांश हा प्रबंधाचा छोटा नकाशा असतो. त्यात प्रत्येक प्रकरणाला थोडी थोडी जागा दिलेली असते. नकाशा कितीही लहान केला तरी त्यात सगळी गावे राहतात, फक्त नावे वाचता येत नाहीत. भाषणाला एकच गाव हवे. म्हणून प्रबंध मिटून बाजूला ठेवावा, कोरा कागद घ्यावा आणि स्वतःला एवढाच प्रश्न विचारावा: हा अभ्यास सुरू करण्यापूर्वी मला माहीत नव्हती आणि आता माहीत आहे, अशी सर्वांत मोठी गोष्ट कोणती?

पहिल्या प्रयत्नात बहुधा असे वाक्य येते: ‘माझ्या प्रबंधात मी क्षारपड जमिनींच्या निचऱ्याचा अभ्यास केला आहे.’ हा विषय झाला, म्हणणे झाले नाही. ऐकणारा यावर फक्त ‘बरं’ म्हणू शकतो. दुसऱ्या प्रयत्नात वाक्य लांबते: ‘निचरा प्रणालीच्या यशावर मातीचा पोत, जमिनीचा उतार, पाइपमधील अंतर, शेतकऱ्याची आर्थिक स्थिती आणि पाण्याच्या निर्गमाची सोय हे पाच घटक परिणाम करतात.’ हे म्हणणे आहे, पण त्यात पाच म्हणणी आहेत, आणि सभागृहातून बाहेर पडताना श्रोत्याला त्यातले एकही आठवणार नाही. आता स्वतःला विचारायचे की, या पाचांपैकी चार काढून टाकावे लागले तर कोणता घटक ठेवाल. विद्यार्थ्याला हा प्रश्न फार जड जातो, कारण प्रत्येक घटकामागे त्याचा एकेक उन्हाळा गेलेला असतो. तरीही उत्तर त्याला माहीत असते. आपल्या उदाहरणात ते उत्तर पाणी शेवटी कुठे जाते याविषयी आहे.

तिसऱ्या प्रयत्नात वाक्य असे येते: ‘पाइपातील पाण्याला ओढ्यापर्यंत वाट मिळाली तरच क्षारपड जमीन सुधारते.’ वाक्य छोटे आहे, ठाम आहे, लक्षात राहते. पण ते खोटे आहे. प्रबंधातील आकडे पाहा: ज्या शेतांच्या पाण्याला ओढ्यापर्यंत वाट होती, त्यांतील साधारण दहापैकी आठ तीन वर्षांत सुधारली, ज्यांचे पाइप बांधापाशीच संपत होते, त्यांतीलही दहापैकी तीन सुधारलीच. म्हणजे ‘तरच’ म्हणण्याचा अधिकार या अभ्यासाने दिलेला नाही. वाक्य लहान करताना मराठीतील ‘च’, ‘तरच’, ‘नेहमी’, ‘मुळे’ हे शब्द नकळत आत शिरतात आणि आपण जे दाखवले त्यापेक्षा मोठा दावा करून बसतो. ‘मुळे’ हा शब्द तर विशेष जपून वापरावा. येथे शेते पाहून नोंदवली आहेत, प्रयोग करून दोन गट पाडलेले नाहीत. ओढ्यापर्यंत पाइप नेणारे शेतकरी मुळातच अधिक संघटित किंवा अधिक सधन असतील, ही शक्यता उरतेच.

म्हणून चौथे वाक्य: ‘पाइप पुरलेल्या शेतांपैकी ज्यांच्या पाण्याला ओढ्यापर्यंत वाट होती, तीच बहुतेक सुधारली.’ यातील ‘च’ला पुढचा ‘बहुतेक’ सांभाळून घेतो. हे वाक्य मार्गदर्शकांपुढे ठेवता येईल आणि घरी आजीलाही सांगता येईल. दोघांनाही चालणारे वाक्य सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. माझ्या अनुभवात या एका वाक्याला तीन-चार दिवस लागतात, आणि उरलेली संहिता मग दोन दिवसांत होते.

दुसरी पायरी: प्रकरणांचा क्रम सोडा

प्रबंधाचा क्रम परीक्षकासाठी असतो: प्रस्तावना, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, पद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष. तोच क्रम भाषणात ठेवला तर काय होते, ते मी एका स्पर्धेत परीक्षक म्हणून बसले असताना पाहिले आहे. विद्यार्थी हुशार होता आणि काम उत्तम होते. पहिले मिनिट विषयाची व्याप्ती सांगण्यात गेले, दुसऱ्यात त्याने नमुना कसा निवडला ते सांगितले, आणि ‘यातून असे आढळले की’ हे शब्द तोंडून निघत असतानाच घंटा वाजली. चार वर्षांच्या कामाचा निष्कर्ष त्या सभागृहात कोणालाच कळला नाही.

भाषणाचा क्रम ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न ज्या क्रमाने उठतात त्यावर ठरतो. आधी त्याला काहीतरी दिसले पाहिजे, मग त्यात काहीतरी खटकले पाहिजे, मग ते का घडते हे कळण्यापुरती माहिती मिळाली पाहिजे, त्यानंतर तुम्ही काय केले आणि काय आढळले, आणि शेवटी त्यामुळे आता काय वेगळे करता येईल. आपल्या उदाहरणात दिसणारी गोष्ट म्हणजे एकाच पाणंदीवरची दोन शेते आहेत. दोन्हीकडे पाइप आहेत, पण एक सुधारले आणि एक नाही. ही जोडी प्रबंधात 163व्या पानावरील एका तक्त्याच्या दोन ओळींत दडलेली असते, आणि भाषण तिथूनच सुरू व्हायला हवे. तुमच्या प्रबंधातही अशी एखादी जोडी, एखादा माणूस किंवा एखादा दिवस असतो. बहुधा तो परिशिष्टात, क्षेत्रकार्याच्या वहीत किंवा मार्गदर्शकांनी खोडलेल्या परिच्छेदात सापडतो.

पूर्वीच्या संशोधनाचा आढावा पूर्ण गाळावा. पद्धतीला एक-दोन वाक्ये द्यावीत, तीही पद्धतीचे नाव न घेता प्रत्यक्ष काय केले ते सांगणारी: ‘प्रत्येक पाइपाचे पाणी कुठे पडते ते चालत जाऊन पाहिले.’ या एका वाक्यातून श्रोत्याला कामाचा प्रामाणिकपणा कळतो. ‘बहुस्तरीय नमुना निवड पद्धती’ या शब्दांतून तो कळत नाही.

तिसरी पायरी: अवघड शब्दांची यादी करा

पहिला मसुदा होईल तसा लिहून काढावा आणि मग त्यातील जो शब्द आपल्या विभागाबाहेरच्या माणसाला थांबवील, त्याखाली रेघ मारावी. आपल्याकडे एक गैरसमज आहे की इंग्रजी संज्ञेला मराठी प्रतिशब्द दिला की भाषा सोपी झाली. ‘विद्युत वाहकता’, ‘केशाकर्षण’, ‘विनिमयक्षम सोडियम’, ‘बाष्पोत्सर्जन’ हे शब्द शुद्ध मराठी लिपीत आहेत, पण मिरज स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाला ते जपानीइतकेच परके आहेत. उलट ‘पाइप’, ‘मोटर’, ‘ड्रिप’ हे शब्द प्रत्येकाचे आहेत. शब्द कोणत्या भाषेतून आला यापेक्षा तो ऐकणाऱ्याच्या तोंडी आहे की नाही, हे पाहावे.

रेघ मारलेल्या प्रत्येक शब्दापुढे तीनच वाटा असतात. पहिली, तो शब्द मूळ वाक्याला लागत नसेल तर पूर्ण काढून टाकणे. विनिमयक्षम सोडियमची टक्केवारी आपल्या प्रबंधात चाळीस पाने व्यापते, पण पाणी कुठे जाते या म्हणण्याला तिची गरज नाही, ती गेली. दुसरी, गावात त्यासाठी जो शब्द आहे तो वापरणे. ‘मृदेच्या पृष्ठभागावरील क्षारसंचय’ याला आपल्याकडे ‘मीठ फुटले’ म्हणतात. ‘निर्गम’ म्हणजे पाण्याची वाट. ‘सुपीकतेचे पुनर्प्रस्थापन’ म्हणजे जमीन सुधारणे. तिसरी वाट, जी कल्पना टाळताच येत नाही तिच्यासाठी एकच दाखला देणे. जमिनीखालचे पाणी मातीतून वर कसे चढते, हे सांगितल्याशिवाय मीठ कुठून येते ते कळणार नाही, आणि ‘केशाकर्षण’ हा शब्द तर वापरायचा नाही. दिव्याची वात तेल वर ओढते, हा दाखला येथे बसतो, कारण बारीक पोकळ्यांतून द्रव वर चढण्याची क्रिया दोन्हीकडे खरोखर एकच आहे.

दाखला असा आतूनही जुळला पाहिजे. केवळ वरवरचे साम्य असलेला दाखला घेतला तर जाणकार परीक्षक नाराज होतो आणि साध्या श्रोत्याच्या मनात चुकीचे चित्र राहते. एका विद्यार्थिनीने क्षारपड जमिनीला ‘मधुमेह झालेली जमीन’ म्हटले होते. ऐकायला ते चांगले वाटले, पण मधुमेहात काय बिघडते आणि जमिनीत काय बिघडते यांचा काहीही संबंध नव्हता, आणि प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न नेमका त्यावरच आला. दाखलाही एकच ठेवावा. वात, जखम, बँकेचे खाते आणि रक्तवाहिन्या एकाच भाषणात आल्या की श्रोता जमीन विसरून दाखले मोजत बसतो.

जे शब्द अवघड वाटतच नाहीत, ते अधिक फसवतात. ‘नमुना’ हा शब्द संशोधकाला ‘निवडलेली शेते’ असा ऐकू येतो, पण बाजारात नमुना म्हणजे दुकानदार दाखवतो तो मासला, आणि एखाद्या माणसाला ‘काय नमुना आहे’ म्हटले तर तो अपमान होतो. ‘सार्थ फरक’ म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा फरक, हे फक्त संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला माहीत असते. ‘लक्षणीय सहसंबंध आढळला’ याऐवजी ‘जिथे वाट होती तिथे जमीन सुधारलेली दिसली’ असे म्हटले की अर्थही राहतो आणि ‘मुळे’ म्हणण्याचा मोहही टळतो. असे शब्द स्वतःला दिसत नाहीत. त्यासाठी मसुदा दुसऱ्या विद्याशाखेच्या मित्राच्या हाती द्यावा आणि त्याला पेन्सिलीने रेघा मारायला सांगाव्यात.

चौथी पायरी: शब्द मोजा, पण स्वतःच्या वेगाने

इंटरनेटवर तीन मिनिटांसाठी चारशे किंवा साडेचारशे शब्दांचे माप सांगितलेले आढळते. ते इंग्रजीचे आहे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘ओढ्यापर्यंत’ हा आपल्याकडे एक शब्द आहे, इंग्रजीत तेवढ्यासाठी तीन-चार शब्द लागतात. त्यामुळे आपला शब्द सरासरीने लांब असतो आणि मिनिटात कमी शब्द बसतात. प्रत्येकाने आपले माप स्वतः काढावे: वर्गात शिकवताना बोलतो त्या वेगाने कोणताही उतारा एक मिनिट मोठ्याने वाचावा आणि शब्द मोजावेत. माझ्या विद्यार्थ्यांचे माप बहुधा 95 ते 110 च्या दरम्यान येते. त्या हिशेबाने अडीच ते पावणेतीन मिनिटांची संहिता साधारण 260 ते 280 शब्दांची होते. तीन मिनिटे काठोकाठ भरू नयेत. व्यासपीठावर घसा खाकरायला, श्रोते हसले तर थांबायला आणि एखादे वाक्य अडखळले तर सावरायला पंधरा सेकंद लागतातच.

आता आपल्या उदाहरणाची पूर्ण संहिता देते.

> एका शेतकऱ्याने क्षारपड जमीन सुधारण्यासाठी शेतात पाइप पुरले. कर्ज काढून पुरले. तीन वर्षांनी मी त्या शेतात उभी राहिले, तेव्हा जमिनीवर मीठ तसेच पांढरे दिसत होते. त्याच पाणंदीने पुढे गेल्यावर दुसरे शेत लागले. माती तशीच, पाइप तसेच, पुरणारा माणूसही तोच. पण तिथे डोक्याइतका ऊस उभा होता. हा फरक कशाचा, ते शोधण्यात माझी चार वर्षे गेली.
>
> आधी हे मीठ येते कुठून ते सांगते. दिव्याची वात तेल वर ओढते, तशी आपली काळी माती खालचे पाणी वर ओढते. उसाला वर्षानुवर्षे जादा पाणी दिले की जमिनीखालचे पाणी वर चढत येते. माती ते पृष्ठभागापर्यंत ओढते, पाणी उन्हाने उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. मग पीक उभे राहत नाही.
>
> उपाय माहीत आहे. साधारण चार फूट खोल छिद्रांचे पाइप पुरायचे. जमिनीतले जादा पाणी पाइपात उतरते आणि जाताना क्षार घेऊन जाते. पण ते जाते कुठे?
>
> मी 48 शेतांत हाच प्रश्न विचारला. प्रत्येक पाइपाचे पाणी शेवटी कुठे पडते, ते चालत जाऊन पाहिले. काहींनी एकट्याने पाइप टाकले होते. त्यांचे पाइप बांधापाशी संपत होते, कारण पलीकडे दुसऱ्याचे शेत. पावसाळ्यात तिथे साचलेले पाणी उलटे आत शिरत होते. काहींनी शेजाऱ्यांबरोबर मिळून एकच मोठा पाइप थेट ओढ्यापर्यंत नेला होता.
>
> तीन वर्षांनी काय दिसले? ओढ्यापर्यंत वाट असलेल्या दर दहा शेतांपैकी आठ सुधारली होती. बांधापाशी अडलेल्या दहापैकी तीन.
>
> मातीचा फरक तपासला, उताराचाही तपासला. त्यांचा वाटा आहे. पण सर्वांत मोठा फरक वाटेचा दिसला.
>
> आज पाइपाचा आराखडा एकेका शेतापुरता होतो. तो ओढ्यापासून सुरू करून वर, सगळ्या शेजाऱ्यांचा मिळून व्हायला हवा. तो पहिला शेतकरी आता चार शेजाऱ्यांना घेऊन ओढ्यापर्यंत पाइप नेतो आहे. त्याच्या शेतात पाइप होतेच. पाण्याला वाट नव्हती.

यात काय नाही, ते पाहा. ‘माझ्या प्रबंधाचे शीर्षक’ नाही, मार्गदर्शकांचे आभार नाहीत, शासनाच्या योजनांची माहिती नाही. पाहणीचे आकडे तीनच आहेत: 48 शेते, दहापैकी आठ, दहापैकी तीन. प्रबंधात ते टक्केवारीत आणि दशांशांत असतील, पण कानाला ‘दहापैकी आठ’ लगेच समजते. आणि ‘मातीचा फरक तपासला’ हा छोटा परिच्छेद मुद्दाम ठेवला आहे, कारण तो काढला असता तर संहिता अधिक चटपटीत झाली असती, पण अभ्यासाची मर्यादा लपली असती. बोलीभाषेत बोलायचे की प्रमाण भाषेत, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात. मला वाटते, ज्या भाषेत तुम्ही न अडखळता विचार करता तीच ठेवावी. मात्र ‘होऊन राहिलेले असल्याचे दिसून येते’ यासारखी लेखी शेपटे कापून ‘दिसते’ म्हणावे.

पाचवी पायरी: ऐकवा आणि विचारा, ‘मी काय म्हणाले?’

भाषण तीन वेगळ्या माणसांना ऐकवावे: एक आपल्या विषयाचा, एक दुसऱ्या विद्याशाखेचा आणि एक ज्याचा विद्यापीठाशी संबंध नाही असा. भाषण संपल्यावर ‘कसे झाले?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘छान झाले’ हेच उत्तर मिळते. ‘मी काय म्हणाले ते एका वाक्यात सांगा’ असे विचारावे आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ते पहिल्या पायरीतील वाक्याशी जुळले तर संहिता झाली.

जुळले नाही तर ते कसे चुकले, यावरून दोष कुठे आहे ते कळते. ऐकणारा ‘क्षारपड जमिनीबद्दल काहीतरी’ म्हणाला, तर संहितेत विषय आहे पण म्हणणे नाही. आढळलेली गोष्ट उशिरा किंवा हलक्या आवाजात आली आहे. तो ‘शेतकऱ्यांनी उसाला कमी पाणी द्यावे’ म्हणाला, तर पार्श्वभूमीचा परिच्छेद मुख्य म्हणण्यापेक्षा जड झाला आहे. आपल्या उदाहरणात हे सहज होऊ शकते, म्हणून जादा पाण्याचा उल्लेख एकाच वाक्यात आटोपला आहे. तो ‘ओढ्यापर्यंत पाइप नेला की जमीन हमखास सुधारते’ म्हणाला, तर तुमच्या सुरात ‘तरच’ पुन्हा शिरला आहे. आपल्या विषयाचा मित्र ‘हे जरा जास्तच सोपे केले आहेस’ म्हणाला, तर त्याला नेमके कोणते वाक्य चुकीचे आहे ते दाखवायला सांगावे. चुकीचे वाक्य त्याने दाखवले तर ते दुरुस्त करावे, आणि तसे वाक्य त्याला दाखवता आले नाही तर संहिता तशीच ठेवावी.

वेळ जास्त होत असेल तर भराभर बोलणे हा उपाय नाही, आणि प्रत्येक वाक्यातून एकेक विशेषण काढणे हाही नाही. त्याने पाच-सात सेकंद वाचतात आणि वाक्ये बोडकी होतात. एक अख्खा तुकडा काढावा. तीन मिनिटे वीस सेकंद होत असतील तर बहुधा कुठेतरी दुसरे उदाहरण, दुसरा दाखला किंवा दुसरा निष्कर्ष लपलेला असतो. तो मोठ्याने वाचून बघावा: तो गाळून भाषण तसेच कळत असेल तर तो गेलाच पाहिजे, मग त्यासाठी कितीही राबलेले असो.

स्लाइड

स्लाइड शेवटी करावी, संहितेच्या आधी कधीही नाही. वर एक पाणंद, तिच्या कडेने दोन शेते, खाली ओढा. एका शेतातून निघालेली निळी रेघ ओढ्यापर्यंत जाते आणि दुसरी बांधापाशी थांबते. त्यावर ‘बांध’ आणि ‘ओढा’ एवढे दोनच शब्द लिहिले तरी पुरे. आलेख, महाविद्यालयाचे बोधचिन्ह आणि प्रबंधाचे पूर्ण शीर्षक घातले की श्रोते ते वाचत बसतात आणि तुमचे पहिले अर्धे मिनिट वाया जाते. शेवटच्या बाकावर बसून स्लाइड पाहून घ्यावी, आणि त्याच सभागृहात दिवे लावलेले असताना निळी रेघ दिसते की नाही तेही तपासावे.

पाठ करताना

संहिता अक्षरशः पाठ करण्यापेक्षा सात परिच्छेदांची पहिली वाक्ये आणि शेवटचे वाक्य पक्के पाठ करावे. मधली वाक्ये रोज थोडी वेगळी आली तरी चालतात. आकडे मात्र तेच यायला हवेत. सराव उभे राहून करावा आणि फोनवर वेळ लावून प्रत्येक वेळचे सेकंद वहीत लिहावेत. सलग पाच वेळा 2 मिनिटे 50 सेकंदांच्या आत आले की संहितेला हात लावणे थांबवावे. स्पर्धेत वेळ पहिल्या शब्दाला किंवा पहिल्या हालचालीला सुरू होते, म्हणून व्यासपीठावर जाऊन आधी जागेवर स्थिर उभे राहावे, श्वास घ्यावा, आणि मगच म्हणावे, ‘एका शेतकऱ्याने क्षारपड जमीन सुधारण्यासाठी शेतात पाइप पुरले.’